‘दिवा बंद आहे’ एवढं पुरत नाही

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एक मजकूर तयार झाला. "महिना झाला, शाळेमागच्या गल्लीत अंधार! महापालिका झोपली आहे का? कर आम्ही भरायचा आणि ठेचाही आम्हीच खायच्या?" महापालिकेला जाहीरपणे लिहायचं, म्हणजे सगळ्या शहराला दिसेल, असं ठरलं होतं. मी चार ओळी लिहिणारा माणूस, म्हणून भाषा जरा नीटनेटकी करायला तो कागद माझ्याकडे आला. मी ‘झोपली आहे का’ खोडून ‘लक्ष देईल का’ केलं, उद्गारचिन्हं काढली आणि काम झालं असं समजलो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. उभी नोकरी वायरमन म्हणून केली, आता निवृत्त आहेत. त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "सगळं छान आहे. पण यात खांब कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "अरे, हे वाचून मी शिडी कुठे लावू? गल्लीत नऊ खांब आहेत. बंद किती? कुठले? कायमचे बंद की लागतात-विझतात? साहेब वाचतील, ठीक आहे. पण साहेब काही खांबावर चढत नाहीत. चढणाऱ्यासाठी लिही."

पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याकडून जे शिकलो, ते हे.

खांबांमधून जाणाऱ्या तीन वाटा

त्याच रात्री नऊ वाजता आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. काकांनी मला मोजायला लावलं. पहिला चालू, दुसरा बंद, तिसरा चालू, चौथा चालू, पाचवा बंद, सहावा-सातवा चालू, आठवा बंद, नववा चालू. माझ्या लेखी तीन दिवे बंद होते. काका मात्र हसले. "तीन दिवे नाही रे. एक फेज गेलीय."

हे समजायला रस्त्यावरच्या दिव्यापर्यंत वीज कशी येते ते पाहावं लागतं. घरातल्या दिव्यासारखं प्रत्येक खांबाला वेगळं बटण नसतं. चौकाच्या कोपऱ्यात, बहुधा कुठल्या तरी भिंतीला टेकून, कमरेइतकी किंवा त्याहून उंच लोखंडी पेटी उभी असते. तिला फीडर पिलर म्हणतात. वीज कंपनीची वीज तिथे येते. आत मीटर असतो, फ्यूज असतात आणि ठरल्या वेळी दिवे लावणारा-विझवणारा टायमर असतो. काही ठिकाणी टायमरऐवजी उजेड ओळखणारा फोटोसेल बसवतात. या पेटीतून निघालेली केबल जमिनीखालून पहिल्या खांबात शिरते, तिथून बाहेर पडून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी गल्लीभर जाते. खांबाच्या बुंध्याशी, गुडघ्याच्या उंचीवर झाकण लावलेली एक पेटी दिसते, ती याच जोडणीची. तिला जंक्शन बॉक्स म्हणतात.

या केबलमध्ये तीन फेजच्या तीन तारा आणि एक न्यूट्रल असते. वायरमन फेजना रंगावरून ओळखतात : लाल, पिवळी, निळी. सगळे दिवे एकाच तारेवर टाकले तर तिच्यावर सगळा भार येईल, म्हणून ते वाटून दिलेले असतात. पहिला खांब लाल तारेवर, दुसरा पिवळ्या, तिसरा निळ्या, चौथा पुन्हा लाल. या वाटणीचा आणखी एक फायदा असा की, एक फेज गेली तरी सगळी गल्ली अंधारात बुडत नाही, दर तिसरा दिवा तेवढा जातो. आमच्या गल्लीत दोन, पाच आणि आठ बंद होते, म्हणजे नेमका दर तिसरा.

दिवे बंद पडण्याची तऱ्हा पाहिली की बिघाड कुठे असावा याचा अंदाज येतो. एकच दिवा बंद आणि आजूबाजूचे चालू असतील, तर दोष बहुतेक त्या खांबातच असतो. तिथली फिटिंग गेलेली असते, एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळालेला असतो किंवा बुंध्याच्या पेटीतला फ्यूज उडालेला असतो. सगळी गल्ली बंद आणि घरांत मात्र वीज आहे, तर फीडर पिलरमध्ये पाहायला हवं. एका ठरावीक खांबापासून पुढचे सगळे बंद असतील, तर त्या खांबाच्या आणि त्याच्या आधीच्या खांबाच्या मध्ये केबल तुटलेली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी गेल्या पंधरवड्यात तिथे कुणी रस्ता खोदला होता का, ते आठवून पाहावं. जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आयुष्य संपत आलं की तो दिवा लागतो, तापला की विझतो, गार झाला की पुन्हा लागतो. त्याला बंदही म्हणता येत नाही आणि चालूही.

हे सगळं नागरिकाला माहीत असायलाच हवं असं नाही. पण बंद दिवे कुठल्या क्रमाने आहेत हे सांगितलं, तर वाचणाऱ्या अभियंत्याला बिघाडाचा निम्मा शोध कार्यालयात बसून लागतो. आमच्या गल्लीतून त्याआधी तीन तक्रारी गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तीन घरांनी आपापल्या दारासमोरचा दिवा कळवला होता. महापालिकेच्या नोंदीत त्या तीन सुट्या तक्रारी होत्या, ‘एक दिवा बंद’ अशा. त्यांतली एक तर ‘दिवा चालू आहे’ असा शेरा मारून निकालात निघाली होती. कळवणाऱ्या आजींनी फक्त ‘आमच्या घरासमोर’ एवढंच लिहिलं होतं. आलेल्या माणसाने पलीकडचा खांब पाहिला, तो चालू होता, तो परत गेला. त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

खांबाचा नंबर

बहुतेक शहरांत पथदिव्यांच्या खांबांना क्रमांक दिलेले असतात. डोळ्यांच्या पातळीच्या थोडं वर रंगाने लिहिलेले किंवा पत्र्याची पट्टी ठोकलेली. आमच्या गल्लीतले खांब ११२ ते १२० होते. म्हणजे बंद होते ११३, ११६ आणि ११९. मी या गल्लीत अठरा वर्षं राहतोय. हे आकडे त्या रात्री पहिल्यांदा वाचले.

११६ चा रंग पावसाने धुऊन गेला होता. काका म्हणाले, "मग अलीकडच्या आणि पलीकडच्या खांबाचा नंबर लिहायचा. मधला कुठला ते त्यांना कळतं." नंबर कुठेच नसेल तर रस्त्याच्या एका टोकापासून मोजून ‘मुख्य रस्त्याकडून आत येताना डावीकडचा पाचवा खांब’ असं लिहावं. दुकानाच्या पाटीची खूण चालते, पण दुकानं बदलतात. इमारतीचं नाव त्यापेक्षा भरवशाचं.

मोबाइलवरून नकाशावरचं स्थान पाठवता येतं, मग नंबर कशाला, असं मीही विचारलं होतं. त्याचं गणित सोपं आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर तीन आकडे दिले तर जागा शंभरेक मीटरपर्यंतच नक्की होते, आणि तेवढ्यात आमच्या गल्लीचे चार खांब बसतात. चार आकडे दिले तर अकरा मीटरपर्यंत, पाच दिले तर मीटरभर. कागदावर हे छान दिसतं, पण दोन्ही बाजूंनी उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत फोनलाच आपली जागा नीट कळत नाही. तो आपल्याला सहज पलीकडच्या गल्लीत नेऊन उभा करतो. म्हणून स्थान पाठवावं, ते कामाला येतं, पण खांबाच्या नंबराला जोड म्हणून.

फोटोची गंमत तर त्याहून मोठी. मी उत्साहाने अंधाऱ्या गल्लीचा फोटो काढला, तर त्यात गल्ली चक्क उजळलेली! आताचे फोन रात्री आपोआप जास्त वेळ उजेड गोळा करतात आणि काळोखाचा संधिप्रकाश करून टाकतात. तो फोटो पाठवला असता तर ‘उजेड दिसतोय की’ असंच उत्तर आलं असतं. उपाय काकांनीच सांगितला. एकाच चौकटीत शेजारचा चालू दिवा आणि बंद दिवा दोन्ही येतील असं उभं राहायचं. चालू दिवा दिसला की बंद दिव्याचा बंदपणा आपोआप सिद्ध होतो. दुसरा फोटो दिवसा काढायचा, खांबाच्या नंबराचा.

आणखी एक सावधगिरी. व्हिडिओत दिवे फडफडताना दिसले म्हणून ‘दिवा लुकलुकतो’ असं लिहू नये. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, त्यामुळे काही दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेरा ते पकडतो. साध्या डोळ्यांनी लुकलुक दिसत असेल तरच ती कळवावी.

आधी फोन, मग लेखन

त्या पाहणीत एक गोष्ट अशी सापडली की काकांनी मला हाताला धरून मागे ओढलं. ११९ व्या खांबाच्या बुंध्याच्या पेटीला झाकण नव्हतं. आतल्या तारा दिसत होत्या आणि खाली पावसाचं डबकं.

"दिवा बंद आहे म्हणून इथे वीज नाही असं समजू नकोस," ते म्हणाले. वर सांगितलेली केबल इथून पुढच्या खांबाकडे जाते. या खांबाची पिवळी फेज गेली असली तरी लाल आणि निळी याच पेटीतून पुढे जात होत्या. उघडी पेटी, लोंबणारी तार, वाकलेला खांब, खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या, या गोष्टी लिहीत बसण्याच्या नाहीत. त्यासाठी महापालिकेचा तातडीचा फोन आणि वीज कंपनीचा फोन. मुंबईत महापालिकेसाठी १९१६ हा क्रमांक आहे, इतर शहरांचे आपापले आहेत. आम्ही तिथूनच फोन केला, नोंद क्रमांक लिहून घेतला आणि खांबाभोवती दोन कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची ठेवली, कुणी जवळ जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी येऊन पेटीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून गेलं. तात्पुरती सोय होती, पण झाली.

हा दिवा आहे कुणाचा?

लिहिण्याआधी हाही प्रश्न सोडवावा लागतो. महापालिकेच्या हद्दीत सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. नगरपालिकांसाठी १९६५ च्या कायद्यात तशीच तरतूद आहे. पण सोसायटीच्या आवारातला अंतर्गत रस्ता सोसायटीचा असतो, त्यावरचे दिवेही तिचेच. शहरातून जाणारा राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग, कॅन्टोन्मेंटचा भाग, औद्योगिक वसाहत, इथे धनी वेगळा असू शकतो. मुंबईत तर दिव्यांची देखभाल भागानुसार बदलते : शहर भागात बेस्ट, उपनगरांत मोठ्या भागात अदानी, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण. चुकीच्या दारावर टकटक केली की तक्रार एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहते आणि दोष कुणाचाच नसतो.

कधी कधी दिवा चालूच असतो, उजेड मात्र खाली येत नाही, कारण मध्ये झाडाची फांदी असते. मग काम विद्युत विभागाचं राहत नाही, उद्यान विभागाचं होतं. शहरी भागात झाडांना १९७५ च्या राज्य कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून वायरमन आपण होऊन कोयता चालवू शकत नाही. अशा वेळी ‘दिवा चालू आहे, पण फांदीमुळे उजेड अडतो’ असं स्पष्ट लिहावं. नाहीतर शिडीची गाडी येते, दिवा चालू पाहून निघून जाते.

शेवटी लिहिलं ते असं

आम्ही ८, ९ आणि १० जुलै अशा तीन रात्री नऊ वाजता पाहणी केली. एकाच रात्रीवर भरवसा ठेवायचा नाही हा काकांचा आग्रह, कारण काही दिवे पावसात बंद पडतात आणि वाळले की पुन्हा लागतात. तीनही रात्री तेच तीन दिवे बंद होते. मग ११ तारखेला हा मजकूर गेला :

"विषय : शाळेमागची गल्ली, खांब क्र. ११३, ११६ व ११९ येथील पथदिवे बंद.

नमस्कार. शाळेमागच्या गल्लीत खांब क्र. ११२ ते १२० असे नऊ पथदिवे आहेत. त्यांपैकी ११३, ११६ व ११९ हे दर तिसऱ्या खांबावरचे दिवे ८, ९ व १० जुलै रोजी रात्री ९ वाजता बंद होते. बाकीचे सहा चालू होते. रहिवाशांच्या सांगण्यानुसार हे दिवे सुमारे महिनाभर बंद आहेत. क्र. ११६ चा आकडा पुसला आहे. तो ११५ व ११७ च्या मधला खांब.

क्र. ११९ च्या बुंध्याच्या पेटीला झाकण नाही. हे ८ जुलै रोजी फोनवर कळवले असून नोंद क्रमांक सोबत दिला आहे. ९ जुलैला पेटीवर प्लॅस्टिक बांधण्यात आले, त्याबद्दल आभार. कायमचे झाकण बसणे आवश्यक आहे.

या दिव्यांबाबत याआधी तीन वेगवेगळ्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत; त्यांचे क्रमांक सोबत आहेत. तिन्ही एकत्र पाहाव्यात ही विनंती. शाळेचा दुपारचा वर्ग संध्याकाळी साडेसहाला सुटतो आणि मुले याच गल्लीतून जातात. दुरुस्ती कधी होऊ शकेल ते कृपया कळवावे. पाहणीच्या वेळी कुणी सोबत हवे असल्यास आम्ही हजर राहू. सोबत : चालू व बंद दिव्यांचा रात्रीचा फोटो, खांबांच्या क्रमांकांचे फोटो."

या मजकुरात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. ‘फेज गेली आहे’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. काकांची तशी खात्री होती, तरी त्यांनीच ते लिहू दिलं नाही. "आपण पाहिलं तेवढं लिहायचं. कारण शोधणं त्यांचं काम. आपलं कारण चुकलं तर बाकीचं खरंही खोटं ठरतं." दर तिसरा खांब बंद, हे पाहिलेलं होतं, तेवढं लिहिलं. जाणत्याला पुरे.

महिनाभर हा शब्द आम्ही ‘रहिवाशांच्या सांगण्यानुसार’ असा लिहिला, कारण आम्ही स्वतः तीनच रात्री मोजल्या होत्या. कुणा अभियंत्याचं नाव नाही, कुणाचा फोन नंबर नाही, फोटोत कुणाचा चेहरा नाही. जाहीर लिहिलेलं सगळे वाचतात आणि ते मागे घेता येत नाही. शिवाय ज्याचं नाव घेतलं तो माणूस मग दिव्याचं राहू देऊन आधी स्वतःचा बचाव करू लागतो. कराचा उल्लेखही नाही. कर भरणारा आणि न भरणारा दोघांनाही त्या अंधारात ठेच लागते आणि खड्डा पावती विचारत नाही.

कायद्याचं कलमही आम्ही मुद्दाम घातलं नाही. ते तिसऱ्या स्मरणपत्रासाठी राखून ठेवलं होतं. पहिल्याच पत्रात कलम आलं की ते पत्र वायरमनकडे जाण्याऐवजी उत्तर तयार करणाऱ्या कारकुनाकडे जातं.

‘निकाली’ म्हणजे काय?

१४ जुलैला दुपारी गल्लीतले सगळे दिवे भर उन्हात पेटलेले दिसले. एका शेजाऱ्यांनी लगेच नवी तक्रार तयार केली : ‘दिवसाढवळ्या दिवे चालू, विजेची उधळपट्टी!’ काकांनी त्यांना थांबवलं. दुरुस्ती चालू होती. दिवसा टायमर बंद असतो, त्यामुळे केबलमध्ये वीजच नसते. बिघाड तपासायचा तर वायरमनला फीडर पिलरमधून दिवे हाताने चालू करावे लागतात. दिवसा दिवे जळत असतील तर आधी पेटीपाशी कुणी उभं आहे का ते पाहावं. रोजच जळत असतील तर मात्र टायमर किंवा फोटोसेल बिघडलेला आहे, आणि ते जरूर कळवावं.

फीडर पिलरमधला पिवळ्या फेजचा फ्यूज उडाला होता. तो बदलला आणि तिन्ही दिवे लागले. तक्रारीच्या नोंदीसमोर ‘निकाली’ असं आलं. १५ जुलैच्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि साडेदहाला तेच तीन दिवे पुन्हा विझले.

गल्लीतला राग परत उसळला. ‘खोटी नोंद केली’ असं लिहायचं, असा सूर निघाला. पण नोंद खोटी नव्हती. १४ तारखेला दिवे लागले होते, आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. फ्यूज उडाला हा परिणाम होता, त्याचं कारण शिल्लक होतं. फ्यूजचं कामच ते. कुठेतरी जास्त प्रवाह वाहायला लागला की त्याने वितळायचं. नवा फ्यूज पावसात पुन्हा उडाला, याचा अर्थ पाणी कुठेतरी विजेपर्यंत पोहोचत होतं.

१६ आणि १७ तारखेला आम्ही पुन्हा पाहिलं आणि १७ ला दुसरा मजकूर लिहिला. त्यात चारच वाक्यं होती. १४ जुलैला दिवे लागले, त्याबद्दल आभार. १५ जुलैला रात्री जोराचा पाऊस झाल्यावर साडेदहाच्या सुमारास ११३, ११६ व ११९ पुन्हा एकदम बंद झाले, अजून बंद आहेत. ११९ च्या पेटीवर अद्याप झाकण नाही, प्लॅस्टिकच्या आत पाणी साचलेलं दिसतं. तक्रार पुन्हा उघडावी किंवा नव्याने नोंदवून क्रमांक कळवावा ही विनंती.

‘पावसानंतर’ आणि ‘एकदम’ हे दोन शब्द काकांनी आग्रहाने घातले होते. १९ तारखेला आलेले दोघे वायरमन फीडर पिलरकडे गेलेच नाहीत, आधी ११९ पाशी आले. पिशवीत साचलेलं पाणी पेटीतल्या जोडणीपर्यंत चढलं होतं आणि तारा जोडणारा कनेक्टर काळा पडला होता. त्यांनी पुरवठा बंद करून पेटी कोरडी केली, कनेक्टर बदलला, झाकण बसवलं आणि मग फ्यूज घातला. एकूण काम पाऊण तासाचं. त्यांच्यापैकी एकाने सांगितलं, शिडीची गाडी आमच्या भागात चार प्रभागांना मिळून एक आहे. दिवा ‘खालून’ दुरुस्त होणारा आहे हे आधी कळलं, तर तिची वाट पाहावी लागत नाही. आमच्या पत्रातून त्यांना ते कळलं होतं.

पुढच्या दोन पावसांत दिवे टिकले. तेव्हा तिसरा मजकूर गेला, दोन ओळींचा : २० ते २६ जुलै या काळात दोनदा जोराचा पाऊस होऊनही नऊही दिवे चालू राहिले, तक्रार आमच्याकडून पूर्ण झाली, काम करणाऱ्यांचे आभार. हाही जाहीरच, कारण तक्रार जिथे मांडली तिथेच तिचा शेवटही दिसायला हवा. नाहीतर वर्षभराने कुणीतरी तो जुना मजकूर वाचून गल्लीत अजून अंधार आहे असं धरून चालतं.

सगळ्याच गोष्टी इतक्या सुरळीत होत नाहीत. केबल जमिनीखाली तुटली असेल तर खोदाई, खोदाईसाठी रस्ते विभागाची परवानगी, पावसाळ्यात खोदाईवर बंदी, असं ते लांबत जातं. नवा खांब हवा असेल तर ती तक्रार राहत नाही, मागणी होते आणि तिला अंदाजपत्रकातली तरतूद लागते. अशा वेळी ‘ताबडतोब करा’ म्हणण्यापेक्षा ‘काम कुठल्या टप्प्यावर आहे’ हे विचारलेलं बरं. दोन-तीन स्मरणपत्रांनंतरही उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्यानुसार सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. तिथेही प्रश्न असाच नेमका हवा : अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कुठल्या तारखेला काय कार्यवाही झाली, त्या नोंदीची प्रत मिळावी. ‘दिवा का लावत नाही’ याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण ‘का’ची प्रत कुठल्या फायलीत नसते.

तो पहिला, उद्गारचिन्हांचा कागद अजून माझ्या खणात आहे. मागच्या बाजूला काकांच्या अक्षरात पेन्सिलीने नऊ आकडे लिहिले आहेत, तिघांभोवती गोल. आज रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल तेव्हा तुमच्याही दारासमोरच्या खांबाचा नंबर वाचून ठेवा, दिवा चालू असेल तरी. अंधार झाल्यावर तो वाचता येत नाही.